शीतयुद्ध आणि नवस्वतंत्र देशांचे निर्णय : आस्वान धरणाचे उदाहरण

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोन महासत्तांमध्ये जी दीर्घ स्पर्धा चालली, तिला शीतयुद्ध म्हणतात. 1947 च्या सुमारास ती उघड झाली आणि 1991 मध्ये सोव्हिएत संघाच्या विघटनाबरोबर संपली. नेमक्या याच काळात आशिया आणि आफ्रिकेतील अनेक देश वसाहतवादी सत्तांच्या हातून सुटले. त्यांच्यापुढे जे निर्णय होते, ते वरकरणी घरगुती स्वरूपाचे होते : धरण कुठे बांधायचे, पोलाद कसे तयार करायचे, सैन्याला शस्त्रे कुठून आणायची, दुष्काळात धान्य कोणाकडे मागायचे. परंतु यांपैकी जवळजवळ प्रत्येक गोष्टीसाठी परकीय चलन आणि परकीय तंत्रज्ञान लागत होते आणि दोन्ही मोठ्या प्रमाणात फक्त दोन गटांकडे मिळत होते. त्यामुळे धरणाचा प्रश्न परराष्ट्र धोरणाचा प्रश्न होऊन बसला. हे नेमके कसे घडत असे, हे समजून घेण्यासाठी ईजिप्तमधील आस्वानच्या उंच धरणाची हकिगत सर्वांत उपयोगी आहे, कारण तीत शस्त्रे, कर्ज, धान्य आणि युद्ध हे चारही धागे एकत्र येतात.

ईजिप्त 1922 मध्ये नावापुरता स्वतंत्र झाला होता, तरी सुएझ कालव्याच्या पट्ट्यात ब्रिटिश फौजा होत्या. 23 जुलै 1952 रोजी तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी राजा फारूकची सत्ता उलथवली आणि त्यांच्यातून गमाल अब्देल नासर हे पुढे आले. ऑक्टोबर 1954 च्या करारानुसार ब्रिटिशांनी 20 महिन्यांत फौजा काढून घेण्याचे मान्य केले. सत्तेवर आलेल्या या अधिकाऱ्यांचा ओढा आरंभी सोव्हिएत संघाकडे मुळीच नव्हता. देशांतर्गत साम्यवाद्यांना ते तुरुंगात टाकत होते आणि मदतीची पहिली अपेक्षा त्यांनी अमेरिकेकडूनच धरली होती. हे लक्षात ठेवले पाहिजे, कारण पुढे जे घडले त्याचे श्रेय किंवा दोष विचारप्रणालीला देण्याची सवय आहे आणि ती या प्रकरणात दिशाभूल करते.

अडचण शस्त्रांपासून सुरू झाली. 28 फेब्रुवारी 1955 रोजी इस्राएली सैन्याने गाझामधील ईजिप्शियन ठाण्यावर छापा घालून तीसहून अधिक जणांना ठार केले आणि आपल्या सैन्याची दुर्बलता नासर यांच्या ध्यानात आली. अमेरिका शस्त्रे द्यायला तयार होती, पण किंमत रोख डॉलरमध्ये हवी होती आणि सवलतीने घ्यायची असतील तर अमेरिकी लष्करी सल्लागारांचे पथक देशात ठेवून घ्यावे लागणार होते. 70 वर्षे परकीय फौजा पाहिलेल्या देशाच्या नेत्याला ही दुसरी अट मान्य करणे शक्य नव्हते. त्याच फेब्रुवारीत इराक आणि तुर्कस्तान यांच्यात बगदाद करार झाला होता. सोव्हिएत संघाभोवती मित्रराष्ट्रांची साखळी उभारण्याच्या योजनेचा तो भाग होता. ब्रिटन, पाकिस्तान आणि इराण त्याच वर्षी त्यात सामील झाले. नासर यांच्या दृष्टीने ब्रिटिश फौजा पुढच्या दाराने जात होत्या आणि करारांच्या रूपाने मागच्या दाराने परत येत होत्या.

एप्रिल 1955 मध्ये इंडोनेशियातील बांडुंग येथे 29 आशियाई-आफ्रिकी देशांची परिषद भरली. त्या प्रवासात नासर यांचे चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्याशी बोलणे झाले आणि शस्त्रांसाठी मॉस्कोकडे विचारणा करण्याचा मार्ग खुला झाला. 27 सप्टेंबर 1955 रोजी नासर यांनी चेकोस्लोव्हाकियाशी शस्त्रकरार झाल्याचे जाहीर केले. शस्त्रे प्रत्यक्षात सोव्हिएत बनावटीची होती आणि किंमत ईजिप्शियन कापसात चुकती करायची होती. कापूस हे ईजिप्तचे प्रमुख निर्यात पीक. डॉलर नसलेल्या देशाला आपल्या शेतातील मालाने देणी फेडता यावीत, ही सोय सोव्हिएत व्यवहाराचे खरे आकर्षण होती. मात्र तीत एक तोटा दडलेला होता : जो कापूस पूर्व युरोपकडे गेला, त्यातून डॉलर किंवा पौंड मिळणार नव्हते, म्हणजे पाश्चात्त्य यंत्रे विकत घेण्याची ऐपत तेवढी कमी होत होती.

शस्त्रकराराचा पहिला परिणाम मात्र उलटा झाला. ईजिप्त सोव्हिएत बाजूला कलंडू नये म्हणून अमेरिकेने आणि ब्रिटनने धरणाला पैसा देण्याची घाई केली. आस्वान येथे 1902 पासून ब्रिटिशांनी बांधलेले एक धरण होते आणि त्याची उंची दोनदा वाढवण्यातही आली होती, पण ते फक्त त्या त्या वर्षीच्या पाण्याचे नियमन करू शकत असे. नव्या योजनेत अनेक वर्षांचे पुराचे पाणी साठवून दुष्काळी वर्षात वापरायचे होते, बारमाही सिंचन वाढवायचे होते आणि वीज निर्माण करायची होती. डिसेंबर 1955 मध्ये अमेरिकेने पहिल्या टप्प्यासाठी 5 कोटी 60 लाख डॉलर आणि ब्रिटनने 1 कोटी 40 लाख डॉलर अनुदान देऊ केले. जागतिक बँकेचे 20 कोटी डॉलरचे कर्ज त्यांच्या जोडीला येणार होते. म्हणजे जी मदत सभ्य विनंतीने वर्षानुवर्षे मिळाली नसती, ती प्रतिस्पर्ध्याशी व्यवहार केल्याबरोबर तीन महिन्यांत समोर आली. नवस्वतंत्र देशांच्या नेत्यांनी या घटनेतून जो धडा घेतला, तो पुढची 20 वर्षे टिकला.

या कर्जाला अटी होत्या आणि बँकेच्या दृष्टीने त्या नेहमीच्याच होत्या. कामांची कंत्राटे खुल्या निविदांनी द्यायची, धरण पुरे होईपर्यंत ईजिप्तने बँकेशी विचारविनिमय केल्याशिवाय इतर मोठी परकीय कर्जे घ्यायची नाहीत, अर्थसंकल्पात धरणाला अग्रक्रम द्यायचा आणि नाईलच्या पाण्याबाबत सुदानशी आधी समझोता करायचा. ईजिप्तमध्ये मात्र या अटी वाचणाऱ्याला 1875 आणि 1876 ही वर्षे आठवत होती. ईजिप्तचा राज्यकर्ता खेदीव इस्माईल याने कर्जापायी सुएझ कालव्याचे शेअर 1875 मध्ये ब्रिटनला सुमारे 40 लाख पौंडांना विकले, पुढच्या वर्षी युरोपीय सावकारांनी ईजिप्तच्या महसुलावर देखरेख बसवली आणि 1882 मध्ये ब्रिटिश सैन्य उतरले. देशाच्या हिशेबाच्या वह्या परकीयाने तपासणे हा तिथे कोरडा प्रशासकीय मुद्दा नव्हता. बँकेचे अध्यक्ष यूजीन ब्लॅक कैरोला गेले आणि फेब्रुवारी 1956 मध्ये बराचसा समझोता झाला, तरी नासर यांनी अनुदानाच्या शर्तींवर अंतिम सही लांबवली.

तेवढ्यात वॉशिंग्टनचा विचार बदलला होता. ईजिप्त आणि इस्राएल यांच्यात गुप्तपणे तडजोड घडवण्याचा अमेरिकी प्रयत्न फसला आणि मार्च 1956 च्या अखेरीस अमेरिकी प्रशासनाने धरणाच्या वाटाघाटी मुद्दाम रेंगाळू द्यायच्या असे ठरवले. मे महिन्यात ईजिप्तने साम्यवादी चीनला मान्यता दिली. अमेरिकी काँग्रेसमध्ये दक्षिणेतील कापूसउत्पादक राज्यांच्या प्रतिनिधींना ईजिप्तचा कापूस वाढावा असे वाटत नव्हते, इस्राएलच्या समर्थकांचा विरोध होता आणि तटस्थ राहणाऱ्यांना मित्रराष्ट्रांपेक्षा जास्त मदत का, हा प्रश्न तर सर्वांनाच पडला होता. 19 जुलै 1956 रोजी ईजिप्तचे राजदूत अहमद हुसेन देऊ केलेल्या अटी स्वीकारण्याच्या तयारीने परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांना भेटले, तेव्हा त्यांना मदत मागे घेतल्याचे सांगण्यात आले. ईजिप्तची अर्थव्यवस्था हा भार पेलू शकणार नाही, असे कारण जाहीररीत्या देण्यात आले. दुसऱ्या दिवशी ब्रिटननेही माघार घेतली आणि त्या दोघांवर अवलंबून असलेले बँकेचे कर्ज आपोआप बाद झाले. नासर त्या वेळी युगोस्लाव्हियातील ब्रिओनी बेटावर टिटो आणि नेहरू यांच्याशी चर्चा करून परतत होते. नेहरूही त्यांच्याबरोबर त्याच विमानात होते आणि बातमी तिथेच आली. मदत नाकारण्यापेक्षा देशाच्या ऐपतीवर जाहीर शेरा मारणे नासर यांना अधिक झोंबले.

एका आठवड्याने, 26 जुलैला, अलेक्झांड्रिया येथील सभेत नासर यांनी सुएझ कालवा कंपनीचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. भाषणात कालव्याचा निर्माता फर्दिनां द लेसेप्स याचे नाव उच्चारले जाताच कंपनीच्या कचेऱ्या ताब्यात घ्यायच्या, असा संकेत अभियंता महमूद यूनिस यांच्या पथकांना दिलेला होता आणि श्रोत्यांना बातमी कळेपर्यंत काम झालेले होते. भागधारकांना पॅरिसच्या शेअरबाजारातील आदल्या दिवशीच्या भावाने भरपाई देण्याचे वचन दिले होते आणि कंपनीचा परवाना तसाही 1968 मध्ये संपणार होता. धरणासाठी लागणारे परकीय चलन आता कालव्याच्या जकातीतून उभे करायचे होते. सप्टेंबरच्या मध्यास बहुतेक पाश्चात्त्य मार्गदर्शक खलाशी निघून गेले, त्यामुळे कालवा बंद पडेल अशी पाश्चात्त्य देशांची अटकळ होती. ईजिप्शियन खलाशांनी काही परदेशी सहकाऱ्यांच्या मदतीने वाहतूक चालू ठेवली आणि त्यामुळे हस्तक्षेपाचे तांत्रिक निमित्त हातचे गेले.

या वादात भारताची भूमिका महत्त्वाची होती. ऑगस्ट 1956 मध्ये लंडनला भरलेल्या 22 देशांच्या परिषदेत ईजिप्त गेला नाही आणि कालवा आंतरराष्ट्रीय मंडळाकडे सोपवण्याच्या डलेस यांच्या योजनेला 18 देशांनी पाठिंबा दिला. भारताचे प्रतिनिधी व्ही. के. कृष्ण मेनन यांनी ईजिप्तची मालकी मान्य करून वापरणाऱ्या देशांना फक्त सल्लागार म्हणून जोडणारी पर्यायी योजना मांडली. तिच्या बाजूने भारताखेरीज सिलोन, इंडोनेशिया आणि सोव्हिएत संघ एवढेच होते. भारताच्या युरोपशी होणाऱ्या व्यापाराचा मोठा भाग आणि मुंबई बंदराची जहाजे याच कालव्यातून जात असल्यामुळे भारताला कालवा खुला राहण्यातही तितकाच रस होता.

29 ऑक्टोबरला इस्राएलने आणि त्यामागून ब्रिटन-फ्रान्सने ईजिप्तवर हल्ला केला. इथे महासत्तांच्या स्पर्धेने नवस्वतंत्र देशाला वाचवले, असे म्हणणे योग्य ठरेल. अमेरिकेने आपल्याच मित्रांना साथ नाकारली आणि पौंडाची घसरण चालू असताना ब्रिटनला आर्थिक मदत रोखून धरली. सोव्हिएत संघाने क्षेपणास्त्रांची धमकी दिली. दोन्हींपैकी निर्णायक ठरला तो पौंडावरील दबाव, कारण धमकीपेक्षा तो तत्काळ जाणवणारा होता. 6 नोव्हेंबरच्या मध्यरात्री युद्धबंदी झाली. त्याच आठवड्यात, 4 नोव्हेंबरला, सोव्हिएत रणगाडे बूडापेस्टमध्ये शिरले होते. नेहरूंनी सुएझवरील आक्रमणाचा निषेध ताबडतोब केला, हंगेरीबाबत मात्र त्यांचा आवाज उशिरा आणि सौम्य उमटला. अलिप्ततावादाचे मोजमाप करताना ही तफावत झाकून ठेवता येत नाही. ज्याच्याकडून पोलाद आणि काश्मीरप्रश्नी पाठिंबा येतो, त्याच्यावर टीका करताना शब्द जपून वापरले जातात, हे तेव्हाही खरे होते.

धरणाला पैसा अखेर मॉस्कोकडून आला. 27 डिसेंबर 1958 च्या करारात पहिल्या टप्प्यासाठी 40 कोटी रूबल आणि जानेवारी 1960 मध्ये दुसऱ्या टप्प्यासाठी 90 कोटी रूबल कर्ज मिळाले. व्याज अडीच टक्के होते आणि परतफेड 12 वार्षिक हप्त्यांत, मुख्यतः ईजिप्शियन मालाच्या रूपाने करायची होती. 1955 मध्ये भिलाई पोलाद कारखान्यासाठी भारताला मिळालेल्या सोव्हिएत कर्जाचे व्याज आणि मुदतही अशीच होती. म्हणजे या अटी एका देशावरची मेहेरबानी नव्हत्या. स्पर्धेच्या बाजारात लावलेला तो ठरलेला भाव होता आणि त्यामुळे पाश्चात्त्य देशांनाही आपले दर खाली आणावे लागले. भिलाईबरोबरच रूरकेला जर्मन आणि दुर्गापूर ब्रिटिश साहाय्याने उभे राहिले, त्यातही ही चढाओढ दिसते.

9 जानेवारी 1960 रोजी काम सुरू झाले. सोव्हिएत अभियंत्यांनी पूर्वीच्या आराखड्यातील लांब बोगद्यांऐवजी मोठ्या भागात उघडा वळवणी कालवा खणण्याचा बदल केला. आस्वानच्या ग्रॅनाइटमध्ये आणि उन्हाळ्याच्या तापमानात सोव्हिएत यंत्रे व डंपर सारखे नादुरुस्त होऊ लागले, काम मागे पडले आणि तेव्हा ईजिप्शियन कंत्राटदार उस्मान अहमद उस्मान यांच्या कंपनीने ब्रिटिश डंपर आणि स्वीडिश छिद्रणयंत्रे आणून वेग वाढवला. ज्या प्रकल्पावर मॉस्कोचा शिक्का होता, त्याच्या खाणीत पाश्चात्त्य पोलाद घुमत होते. 14 मे 1964 रोजी निकिता ख्रुश्चॉव्ह यांच्या उपस्थितीत नाईलचा प्रवाह वळवण्यात आला आणि जुलै 1970 मध्ये काम पुरे झाले. धरण 111 मीटर उंच आणि सुमारे 3,830 मीटर लांब असून त्याची 12 जनित्रे मिळून 2,100 मेगावॉट वीजक्षमतेची आहेत. या हिशेबात जे सहसा येत नाहीत ते नाईलकाठचे न्यूबियन लोक : धरणाच्या जलाशयात त्यांची गावे बुडणार असल्याने ईजिप्तमधील सुमारे 50,000 जणांना कोम ओम्बोकडे आणि सुदानमधील जवळपास तितक्याच जणांना दूरच्या न्यू हाल्फाकडे हलवण्यात आले. दोन महासत्तांच्या आणि दोन सरकारांच्या वाटाघाटींत त्यांना विचारणारे कोणी नव्हते. त्याच जलाशयात बुडू शकणारी अबू सिंबलची प्राचीन मंदिरे उचलून वर नेण्यासाठी मात्र यूनेस्कोच्या मोहिमेत अनेक देशांचा पैसा आला आणि त्यात अमेरिकेचाही होता.

सोव्हिएत कर्ज घेतल्याने ईजिप्त सोव्हिएत गटात गेला काय? करारावर सही होऊन आठवडाही उलटला नव्हता, तोच 1 जानेवारी 1959 रोजी नासर यांनी ईजिप्तमधील साम्यवाद्यांची धरपकड सुरू केली. ख्रुश्चॉव्ह यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, पण धरणाचे कर्ज थांबवले नाही, कारण थांबवल्यास डलेस यांनी केलेली चूक त्यांच्या हातून घडली असती. त्याच सुमारास अमेरिकेचे धान्यही पुन्हा येऊ लागले. अमेरिकेच्या 1954 च्या पीएल-480 कायद्याखाली जास्तीचा गहू स्थानिक चलनात विकत मिळत असे आणि 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात ईजिप्तच्या शहरांतील भाकरीचा मोठा वाटा या गव्हाचा होता. यंत्रे आणि शस्त्रे मॉस्कोकडून, गहू वॉशिंग्टनकडून, अशी ही मांडणी होती. जोपर्यंत दोघांनाही दुसऱ्याची भीती वाटत होती, तोपर्यंत ती चालली.

तिची मर्यादा गव्हाच्या बाजूने उघड झाली. धरण एकदा बांधून झाले की ते परत नेता येत नाही, गव्हाचे जहाज मात्र दर महिन्याला यावे लागते. काँगोमधील संघर्षात ईजिप्तने अमेरिकाविरोधी बाजू घेतल्यावर आणि डिसेंबर 1964 मध्ये नासर यांनी पोर्ट सैद येथे अमेरिकेला जाहीर आव्हान दिल्यावर अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी धान्याचे करार छोट्या मुदतीचे केले आणि पुढे ते बंदच पडले. भारताच्या वाट्यालाही हेच आले. 1965 आणि 1966 च्या लागोपाठच्या अवर्षणांत जॉन्सन यांनी गव्हाची मंजुरी महिन्या-महिन्याच्या हप्त्यांनी देण्याची पद्धत ठेवली. शेतीधोरणात बदल हवे होते आणि व्हिएतनामवरील बाँबहल्ल्यांबद्दल दिल्लीची टीकाही त्यांना खुपत होती. जून 1966 मध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा दर 4.76 वरून 7.50 रुपये झाला, त्यामागेही मदत देणाऱ्यांचा दबाव होता. महाराष्ट्रात रेशनच्या दुकानांतून मिळणारी मिलो ही तांबडी अमेरिकी ज्वारी ज्यांनी खाल्ली, त्यांना ही आंतरराष्ट्रीय घडामोड भाकरीच्या रूपाने अनुभवावी लागली. संकरित बियाण्यांवर आणि अन्नधान्याच्या स्वयंपूर्णतेवर भारताने नंतर जो भर दिला, त्याला या वर्षांतील अनुभवाची मोठी चालना होती.

दोन्ही बाजूंकडून मदत मिळवण्याची ही कला सर्वांनाच साधली नाही. ईजिप्तकडे कालवा होता, भारताकडे आकारमान होते. जून 1960 मध्ये स्वतंत्र झालेल्या काँगोकडे युरेनियम आणि तांबे होते, पण स्वतःच्या हुकमतीतले सैन्य नव्हते. पंतप्रधान पॅट्रिस लुमुम्बा यांनी आधी संयुक्त राष्ट्रांकडे आणि तिथून अपेक्षित साहाय्य न मिळाल्यावर सोव्हिएत संघाकडे मदत मागितली. काही आठवड्यांतच ते पदच्युत झाले आणि जानेवारी 1961 मध्ये त्यांची हत्या झाली. ईजिप्तने 1955 मध्ये जे केले, तेच काँगोने 1960 मध्ये केले. फरक एवढाच की ईजिप्तमध्ये सरकारचा ताबा सैन्यावर होता आणि काँगोमध्ये सैन्याची निष्ठा बाहेरच्यांना विकत घेता येत होती. घानाची कथा यांच्या मधली आहे. क्वामे एन्क्रूमा यांच्या डाव्या भाषणांनी अमेरिका अस्वस्थ होती, तरीही डिसेंबर 1961 मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी व्होल्टा नदीवरील आकोसोम्बो धरणाला कर्ज मंजूर केले, कारण नाही म्हटल्यास आस्वानची पुनरावृत्ती होईल, ही भीती त्या चर्चेत होती. ते धरण झाले, पण त्याची बरीचशी वीज स्वस्त दराने एका अमेरिकी ॲल्युमिनियम कारखान्याला बांधून दिलेली होती आणि तो कारखाना घानाच्या बॉक्साइटऐवजी बाहेरून आणलेला कच्चा माल वापरत होता.

ईजिप्तमधील समतोल जून 1967 च्या युद्धाने मोडला. इस्राएलकडून झालेल्या पराभवात सैन्याची बहुतेक सामग्री गेली, सुएझ कालवा बंद पडून त्याचे उत्पन्न थांबले आणि अमेरिकेशी राजनैतिक संबंध तुटले. आता शस्त्रांसाठी एकच दुकान उरले होते. सोव्हिएत सल्लागार आणि सैनिक हजारोंच्या संख्येने ईजिप्तमध्ये आले. ज्या देशाने 1955 मध्ये परकीय लष्करी पथक नको म्हणून अमेरिकी शस्त्रे नाकारली होती, त्याच देशाच्या विमानतळांवर ही पथके आली. जानेवारी 1971 मध्ये धरणाचे औपचारिक उद्‌घाटन झाले तेव्हा नासर हयात नव्हते. त्यांचे उत्तराधिकारी अन्वर सादात यांनी जुलै 1972 मध्ये सोव्हिएत सल्लागारांना देश सोडण्यास सांगितले आणि मार्च 1976 मध्ये सोव्हिएत मैत्री करार रद्द केला. तोपर्यंत ईजिप्तने अमेरिकेची वाट धरली होती आणि धरणासाठी आणि शस्त्रांसाठी घेतलेल्या सोव्हिएत कर्जाचा वाद दोन्ही देशांत पुढे बरीच वर्षे चालू राहिला.